नाव स्वयंसेविकेचे, काम नोकरीचे

नोकरीत शिरताना सांगितलेले काम आणि काही वर्षांनी प्रत्यक्ष करावे लागणारे काम यांत अंतर पडणे हा आपल्याकडे नित्याचा अनुभव आहे. कारकुनाकडे रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे टेबल 'तात्पुरते' येते आणि तेथेच राहते. शिक्षकाच्या हाती खडूबरोबर मतदारयादी आणि सर्वेक्षणाचे अर्जही येतात. पगार तोच, हुद्दा तोच. वाढते ते फक्त काम. परंतु या प्रश्नाचे सर्वांत उघडे रूप पाहावयाचे असेल तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला खेटून असलेल्या सुरगाणा तालुक्यात जावे आणि तेथील पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या 'आशा' कार्यकर्तीचा दिवस पाहावा. कारण तिच्या बाबतीत काम वाढत गेले एवढेच झालेले नाही. ते वाढावे आणि त्याचा पगार मात्र मागता येऊ नये, अशीच तिच्या पदाची रचना आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्याबरोबर 'मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती' हे पद जन्माला आले. गावातलीच एक स्त्री निवडावी, तिला आरोग्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे आणि गाव व दवाखाना यांच्यामधला दुवा म्हणून तिने काम करावे, अशी ती कल्पना होती. कल्पना चांगली होती, यात शंका नाही. पण आरंभीच एक गोष्ट ठरवून टाकण्यात आली. ही स्त्री नोकर नव्हे, स्वयंसेविका. तिला वेतन नाही, केलेल्या कामागणिक मोबदला. मार्गदर्शक सूचनांमध्ये तिच्या कामाचा अंदाजही दिला होता : आठवड्यातून सुमारे चार दिवस, दिवसाला दोन ते तीन तास, मोहिमा आणि प्रशिक्षणाचे दिवस तेवढे वेगळे. तिच्या नेहमीच्या पोटापाण्याच्या उद्योगात बाधा येऊ नये इतपतच हे काम असावे, असे गृहीत धरले होते.

हे गृहीत एकदा समजून घेतले म्हणजे पुढचे सारे समजते. ज्याचा पूर्ण वेळ विकत घेतलेला आहे, त्याला आणखी काम द्यावयाचे तर निदान 'तास संपले' एवढे तरी तो म्हणू शकतो. ज्याचा वेळ मोजलाच जात नाही, त्याला तेही म्हणता येत नाही. तास मोजायचे नाहीत, फक्त कामे मोजायची, आणि कामांची यादी मात्र उघडी ठेवायची, अशा व्यवस्थेत यादी वाढत जाणे हे कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यामुळे होत नाही. ते आपोआप होते. वरच्या प्रत्येक विभागाला गावात पोहोचणारा माणूस हवा असतो आणि गावात पोहोचणारी ही एकच असते.

बाळंतिणीच्या सहा भेटी

एक उदाहरण तपशिलाने पाहू. नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ साली देशभर लागू झाला. त्यामागे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेले मोलाचे काम होते. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे. बाळाचे वजन, ताप, श्वास, नाळ, अंगावर पिणे आणि आईची प्रकृती तपासून अर्ज भरावयाचा. या सहा भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. म्हणजे भेटीला बेचाळीस रुपयांहून थोडे कमीच.

आता समजा, सुरगाण्यातील एका गावाचे तीन पाडे आहेत आणि बाळंतीण आशाच्या घरापासून चार किलोमीटरवरच्या पाड्यात आहे. डोंगराळ मुलखात हे अंतर मुळीच अवास्तव नव्हे. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, सहा भेटींचे अठ्ठेचाळीस. किलोमीटरला सव्वापाच रुपयांच्या आसपास पडले. आणि पावसाळ्यात ओहोळ भरला की ही वाट लांबते. तरीही हिशेब येथेच संपत नाही. हा मोबदला भेटी दिल्याचा म्हणून मिळत नाही, काही अटी पुऱ्या झाल्यावर मिळतो : बाळाचे जन्मवजन कार्डावर नोंदलेले हवे, ठरलेल्या लसी टोचलेल्या हव्यात, जन्माची नोंद झालेली हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप हवीत. यांतले काही तिच्या हाती आहे, बरेचसे नाही.

सुरगाण्यात यात आणखी एक अडचण येते. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. ओली बाळंतीणही कधी नवऱ्याबरोबर निघून जाते, कधी माहेरी असते. तीन भेटी झाल्या आणि कुटुंब हलले, तर चौथ्या भेटीला घराला कुलूप असते. केलेल्या तीन भेटींचे श्रम खरे. कागदावर मात्र काम अपुरे. म्हणजे कामागणिक मोबदला हे तत्त्व ज्या गावात माणसे वर्षभर एका जागी राहतात तेथे कदाचित न्यायाचे ठरेल. स्थलांतराच्या मुलखात ते जिच्याकडे काम अवघड तिलाच कमी पैसे देते.

२०१८ साली या सहा भेटींच्या पुढे आणखी पाच आल्या. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे होईल तेव्हा प्रत्येकी एक भेट, भेटीला पन्नास रुपये. त्याच सुमारास तिशीवरील माणसांना मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका किती, हे पाहणारा अर्ज भरण्याचे काम आले. अर्जाला दहा रुपये. यांतले एकही काम निरुपयोगी नव्हे. तक्रार असावी ती कामाबद्दल नव्हेच. प्रत्येक नवे काम सुटे आले, त्याला सुटा दर लागला, आणि सगळ्यांची बेरीज करून 'आता हे दोन-तीन तासांचे काम उरलेले नाही' असे म्हणण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही, हे खरे दुखणे आहे.

दर असलेले आणि दर नसलेले

आशाच्या कामांची यादी समोर ठेवली तर तिचे तीन भाग पडतात, आणि प्रश्न हाताळण्याची पहिली पायरी हे भाग वेगळे करणे हीच आहे.

पहिला भाग नेहमीच्या कामांचा. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने या कामांचे मासिक १००० रुपये वाढवून २००० केले. त्याची फोड अशी होती : गावातील आरोग्य व पोषण दिवसाचे २००, ग्राम आरोग्य समितीच्या सभेचे १५०, प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक सभेचे १५०, आणि कुटुंबांची यादी, गावाची आरोग्य नोंदवही, लसीला पात्र बालकांची यादी, गरोदर मातांची यादी, पात्र जोडप्यांची यादी या पाच लेखी कामांचे प्रत्येकी ३००. आधी या पाचांना प्रत्येकी १०० मिळत असत. २०२५ साली केंद्राने ही २००० ची रक्कम ३५०० केली. दुसरा भाग कामागणिक दर असलेल्यांचा. वरच्या भेटी आणि अर्ज त्यात येतात. तिसरा भाग मात्र कोठेच छापलेला नसतो. अचानक निघालेले सर्वेक्षण, शिबिराला माणसे जमवणे, कोणा पाहुण्या पथकाला पाडे दाखवणे, स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून माहिती भरणे, ही कामे तोंडी येतात आणि तोंडीच संपतात. कामाचा बोजा फुगतो तो मुख्यतः या तिसऱ्या भागात.

तिसऱ्या भागातले काम ओळखण्याची खूण सोपी आहे. ते सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या क्रमांकाच्या व तारखेच्या पत्राने हे आले, मोजमाप काय, घराला, अर्जाला की दिवसाला, आणि दर किती व तो कोठवर. तिन्हींची उत्तरे मिळाली तर ते दुसऱ्या भागात गेले. मिळाली नाहीत तर नकाराची घाई करण्याचे कारण नाही. पण ते काम नोंदीशिवाय करणे हीच चूक होते. नोंद न होता तीन महिने केलेले काम चौथ्या महिन्यात 'तुमचेच' होऊन बसते. पुढे त्याविषयी तक्रार केली तर 'आजवर करीत होताच की' हे उत्तर ठरलेले असते.

नोंदीचे ठिकाणही आयते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला सभा होते. तिला हजर राहण्याचेच आशाला १५० रुपये मिळत. त्या सभेच्या इतिवृत्तात 'अमुक सर्वेक्षण सांगण्यात आले, त्याचा दर कळविण्यात यावा अशी विनंती करण्यात आली' एवढे वाक्य लिहून घेणे, हे भांडण नव्हे. दुसरे साधन स्वतःच्या रोजवहीचे. तारीख, पाडा, गेलेली वेळ, आलेली वेळ, काम, आणि ते कोणी सांगितले, एवढे सहा रकाने पुरतात. ही वही कार्यालयात जमा करण्याच्या नोंदवहीपासून वेगळी असावी आणि घरी राहावी. तिसरे साधन महिन्याच्या मोबदल्याच्या मागणीचे. ज्या कामाला दर नाही तेही त्या कागदावर शेवटी 'दर ठरलेला नाही' असे लिहून नोंदवावे. त्याचे पैसे मिळणार नाहीत, हे उघड आहे; पण ते काम झाले ही गोष्ट सरकारी कागदावर राहते.

यात बिघडते ते पुष्कळदा पैसे जमा होताना. खात्यात एक आकडा येतो. तो कोणत्या महिन्याचा, त्यात कोणते काम धरले आणि कोणते कापले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मागणीची प्रत जवळ असेल तरच जमा रकमेशी ताळा घेता येतो. कापलेल्या रकमेचे कारण किंवा परिपत्रकाची प्रत तोंडी मागून मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांचे शुल्क, एक कागद आणि तीस दिवसांची मुदत. सुरगाण्यासारख्या ठिकाणी एकट्या स्त्रीने असा अर्ज करणे धाडसाचे वाटते, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून एका केंद्राखालच्या सगळ्या आशांनी एकाच नमुन्याची रोजवही ठेवणे आणि एकाच अर्जावर सह्या करणे अधिक शहाणपणाचे. एकीच्या वहीत जी तक्रार दिसते, तीच वीस जणींच्या वहीत माहिती होते.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. रात्री कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात नेण्यापूर्वी दर विचारावयाचा नसतो, आणि विचारणारी आशा आढळणेही कठीण. लेखी आदेशाचा आग्रह धरावयाचा तो ज्या कामाला उद्यापर्यंत थांबता येते त्याच्यासाठी. हा भेद ज्या स्त्रिया पाळतात, त्यांच्या मागणीला गावाचाही पाठिंबा मिळतो.

तोंडी शब्द आणि शासन निर्णय

नोंद आणि लेखी आदेश यांवर एवढा भर का, याचे उत्तर महाराष्ट्रातील आशांच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. कोविडच्या साथीत २०२० मध्ये घरोघर तपासणीचे काम त्यांच्यावर आले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीमही मोठ्या प्रमाणात त्यांच्याच पायांवर चालली. १५ जून २०२१ पासून राज्यातील आशांनी संप केला. आठवड्याभरात तो मिटला आणि १ जुलैपासून दरमहा १००० रुपये वाढ व कोविडचा भत्ता म्हणून ५०० रुपये कबूल झाले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवपत्राने पद मात्र बदलले नाही. स्वयंसेविका ती स्वयंसेविकाच राहिली.

१८ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा संप झाला. मोबदल्याबरोबरच ऑनलाइन कामांची सक्ती नको, हाही त्यात प्रश्न होता. नोव्हेंबरच्या आरंभी शासनाकडून ७००० रुपयांची वाढ जाहीर झाली आणि संप मागे घेण्यात आला. पण जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून त्याच मागणीसाठी, म्हणजे कबूल झालेले कागदावर यावे यासाठी, दुसऱ्यांदा संप करावा लागला आणि तो मार्चपर्यंत चालला. अखेर मार्च २०२४ मध्ये निर्णय निघाला तो ५००० रुपयांचा. सात हजार तोंडी, पाच हजार लेखी, आणि मधले चार-साडेचार महिने. तोंडी आश्वासनाचा भाव काय, हे याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याचबरोबर हेही खरे की हे पाच हजार मिळाले ते एकेकटीच्या अर्जाने नव्हे, राज्यभरच्या एकजुटीने.

पदाच्या नावाचे काय? येथे न्यायालयांनी दोन वेळा दोन वाटा घेतलेल्या दिसतात. अंगणवाडी सेविका ही आशाची जवळची बहीण. तिलाही वेतन नाही, 'मानधन' आहे. २००६ साली कर्नाटकातील अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय सेवेतले पद नव्हे. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी मात्र निर्णय दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदान कायद्याखाली उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र आहेत. न्यायालयाने पाहिले ते 'मानधन' या शब्दाकडे नव्हे, तर अन्नसुरक्षेच्या आणि शिक्षणहक्काच्या कायद्यांमुळे त्यांच्याकडे आलेल्या प्रत्यक्ष कामाकडे. हा निकाल ग्रॅच्युइटीपुरता आणि अंगणवाडीपुरता आहे. आशांना तो आपोआप लागू होत नाही. तरीही त्यातून एवढे दिसते की काम कोणते आणि किती, याची खात्रीची नोंद असेल तर नावाचा पडदा कायमचा राहत नाही.

कार्यालयातील 'अतिरिक्त कार्यभार'

ज्यांना नियमित वेतन आहे अशा शिक्षक-कारकुनांनाही यातून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. अडवलपालकर यांच्या १९९१ सालच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की खालच्या पदावरील माणसाला वरच्या पदाची नुसती कामे पाहावयास सांगणे ही बढती होत नाही. त्याला वरच्या पदाचे वेतन मिळत नाही, मिळालाच तर कार्यभाराचा भत्ता. याउलट १९९८ सालच्या सेल्वराज खटल्यात अंदमानातील एका प्राथमिक शिक्षकाला स्काउट विभागाच्या सचिवाचे काम पाहावयास सांगितले होते. तेथे त्याला वेतनातील फरक देण्याचा आदेश झाला. काम दोन्हीकडे 'तात्पुरते'च होते. पण सेल्वराज यांच्या हाती जो आदेश होता त्यातच त्यांचे वेतन वरच्या पदावर खर्ची पडेल असे लिहिले होते, आणि ते काम त्यांनी प्रत्यक्ष केलेले होते. केलेल्या कामाचे मोल दिलेच पाहिजे, असे न्यायालय म्हणू शकले ते या लेखी शब्दांच्या आधारावर.

म्हणून अतिरिक्त कार्यभार स्वीकारताना पाहावयाचे ते आदेशातील क्रियापद. 'कामे पाहावीत' असे आहे की 'पदावर नेमण्यात येत आहे' असे आहे. मुदत लिहिली आहे की 'पुढील आदेश होईपर्यंत' आहे. वेतन किंवा भत्त्याचा उल्लेख आहे की त्याबाबत मौन आहे. आदेश मौनी असेल तर कार्यभार घेतल्याच्या अहवालातच, त्याच दिवशी, नियमाप्रमाणे देय अतिरिक्त वेतनाबाबत आदेश व्हावेत, ही ओळ घालावी. वर्षभराने केलेल्या अर्जापेक्षा त्या दिवशीच्या एका ओळीचे वजन अधिक असते. शिक्षकांच्या बाबतीत तर कायद्यानेच रेघ ओढून दिलेली आहे : शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे दहावार्षिक जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपता येत नाही. रेघ आहे म्हणून ती ओलांडली जात नाही असे नव्हे. पण ओलांडली गेली तर बोट ठेवून दाखवता येते.

आशाला अशी रेघच नाही, हा तिच्या प्रश्नाचा गाभा आहे. दर वाढले, आणखी वाढतील. परंतु उघड्या यादीवर वाढवलेला दर नव्या कामांनी भरून जातो. म्हणून तिच्या मागणीत आकड्याइतकीच आणखी एक गोष्ट अग्रक्रमाने यावयास हवी. तिच्या कामांची यादी एका निर्णयात, संपूर्ण आणि बंद स्वरूपात असावी. दर आठवड्याचे तास तीत लिहिलेले असावेत. आणि यादीत नवे काम घालावयाचे तर त्याचा दर आणि त्यासाठी कमी केलेले जुने काम, या दोहोंची नोंद त्याच आदेशात असावी. शासनाच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला जाणारी स्त्री त्याच दिवशी दुसऱ्या खात्याचे अर्ज भरत बसली, तर नुकसान होते ते डोंगरापलीकडच्या पाड्यातल्या त्या बाळाचे. आणि त्याच्यासाठीच तर २००५ साली हे पद निर्माण करण्यात आले होते.